‘आज नको’ म्हणणारी स्क्रिप्ट

10 सप्टेंबर 2023 रोजी बिटकॉइनच्या जाळ्यावर एक अजब व्यवहार नोंदला गेला. पाठवायची रक्कम होती साधारण 0.07 बिटकॉइन, म्हणजे त्या वेळच्या भावाने दोन हजार डॉलरच्या आसपास. ती पाठवण्यासाठी भरलेली फी मात्र 19.8 बिटकॉइन होती. पाच लाख डॉलर! पाठवणारा कोणी नवखा नव्हता. पॅक्सॉस ही न्यूयॉर्कची परवानाधारक कंपनी, आणि ज्या पत्त्यावरून हा व्यवहार सुटला त्यावरून त्याआधी हजारो व्यवहार सुरळीत गेले होते. कंपनीने नंतर जाहीर केले की एका व्यवहारापुरती आपल्या सॉफ्टवेअरमध्ये चूक झाली, ग्राहकांच्या पैशाला धक्का लागलेला नाही. तो ब्लॉक एफटूपूल या मायनिंग पूलला मिळाला होता आणि त्याने काही दिवसांत फी परत केली. परत करण्याचे कसलेही बंधन त्याच्यावर नव्हते. न करता गप्प बसला असता तर पॅक्सॉसला दाद मागायला जागा नव्हती.

माणूस समोर बसून पैसे पाठवत असता तर ‘फी : 19.8 बिटकॉइन’ हे वाचून त्याचा हात थांबला असता. प्रोग्रॅमचा हात थांबत नाही. त्याला कुठे थांबायचे ते आधी सांगून ठेवावे लागते. आज एक्स्चेंजमधून स्वतःच्या वॉलेटमध्ये दर महिन्याला ठरावीक तारखेला कॉइन काढणारे, वॉलेटमधून एक्स्चेंजकडे परत पाठवणारे अनेक जण हे काम एखाद्या छोट्या स्क्रिप्टवर सोपवतात. मुंबईच्या वझीरएक्स या एक्स्चेंजमधून जुलै 2024 मध्ये सुमारे 23 कोटी डॉलरची चोरी झाली आणि ग्राहकांचे पैसे काढणे थांबले, तेव्हापासून ‘कॉइन आपल्याच वॉलेटमध्ये बरे’ असे म्हणणारे आपल्याकडेही वाढले. अशा प्रत्येक स्क्रिप्टला कॉइन हलवण्यापूर्वी जाळ्यावरची फी पाहता आली पाहिजे आणि आकडा पटला नाही तर ‘आज नको’ म्हणता आले पाहिजे. ते कसे, हे बिटकॉइनच्या उदाहरणाने पाहू.

आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण तीच सगळ्या घोळाच्या मुळाशी आहे. बिटकॉइनच्या व्यवहारात फी नावाचा रकानाच नसतो. वॉलेटमध्ये दिसणारी शिल्लक ही एक रक्कम नसून वेगवेगळ्या वेळी आलेल्या वेगवेगळ्या नाण्यांची बेरीज असते. खर्च करताना एखादे नाणे अर्धे वापरता येत नाही. ते अख्खे द्यायचे आणि उरलेली रक्कम स्वतःच्याच पत्त्यावर परत घ्यायची. आत गेलेल्या नाण्यांची बेरीज वजा बाहेर पडलेल्या रकमांची बेरीज, म्हणजे जे काही मध्ये उरले ते सगळे मायनरचे. दुकानात पाचशेची नोट देऊन वीस रुपयांची वस्तू घेतली आणि सुटे परत मागायचे राहिले, तर नोट गेली; तसेच हे. प्रोग्रॅमने परतीचा पत्ता लिहिला नाही किंवा परतीच्या रकमेत चूक केली, तरी जाळ्याच्या दृष्टीने तो व्यवहार पूर्णपणे वैध असतो. बाहेर पडणारी रक्कम आत आलेल्यापेक्षा जास्त नाही, एवढेच जाळे तपासते.

दुसरी गोष्ट, फी रकमेवर ठरत नाही. ब्लॉकमध्ये व्यवहार किती जागा घेतो यावर ठरते. ही जागा व्हर्च्युअल बाइटमध्ये मोजतात आणि दर एका बाइटला किती सातोशी असा असतो. पडद्यावर तो `sat/vB` असा दिसतो. एका बिटकॉइनचे दहा कोटी सातोशी होतात. एका ब्लॉकमध्ये सुमारे दहा लाख बाइट मावतात आणि सरासरी दर दहा मिनिटांनी एक ब्लॉक निघतो. जागा घेऊ पाहणारे व्यवहार मेमपूल नावाच्या प्रतीक्षायादीत पडून असतात आणि मायनर त्यातले जास्त दराचे आधी उचलतात. bc1q ने सुरू होणाऱ्या आजच्या साध्या पत्त्यावरचे एक नाणे खर्च करायला सुमारे 68 बाइट लागतात, पैसे मिळणाऱ्या प्रत्येक पत्त्याला 31 आणि वरखर्चाचे 11. जुन्या, 1 ने सुरू होणाऱ्या पत्त्यावरचे नाणे मात्र 148 बाइट खाते. म्हणजे एका बिटकॉइनचे एकच नाणे पाठवणे स्वस्त, आणि त्याच्या शंभराव्या भागाची दहा नाणी गोळा करून पाठवणे महाग.

आता एक हिशेब मांडू. समजा, एक शिक्षिका दर महिन्याला एक्स्चेंजवर थोडे बिटकॉइन विकत घेतात आणि स्क्रिप्ट दर महिन्याच्या पाच तारखेला 50,000 सातोशी त्यांच्या वॉलेटमध्ये काढते. वर्षभराने वॉलेटमध्ये सहा लाख सातोशी दिसतात, पण ते बारा नाण्यांचे आहेत. अचानक पैशाची गरज लागली आणि सगळे एकदम एक्स्चेंजला परत पाठवायचे ठरले. बारा नाणी म्हणजे 816 बाइट, एका पत्त्याचे 31, वरखर्चाचे 11, एकूण 858. जाळे शांत असताना दर 2 असेल तर फी होते 1,716 सातोशी. कोणी लक्षही देणार नाही. दर 20 असेल तर 17,160, म्हणजे जवळजवळ तीन टक्के, मनाला लागण्याइतके. आणि दर 300 असेल तर 2,57,400. सहा लाखांतले अडीच लाख फक्त वाटेत जातात. रक्कम तीच, माणूस तोच, बदलला तो फक्त दिवस.

त्यांनी महिन्याला 50,000 ऐवजी दहा-दहा हजार सातोशी काढले असते तर चित्र आणखी वाईट होते. 150 च्या दराला एक नाणे खर्च करण्याचाच खर्च 10,200 सातोशी येतो. नाण्याच्या किंमतीपेक्षा ते खर्च करणे महाग. शिल्लक म्हणून पडद्यावर दिसत राहते, पण त्या दिवशी तिचा काही उपयोग नसतो. म्हणून माझे मत असे की एक्स्चेंजमधून छोट्या रकमा वारंवार काढण्याऐवजी दोन-चार महिन्यांनी एकदम काढाव्यात. अर्थात, तोवर कॉइन एक्स्चेंजकडे राहतात आणि तो धोका वझीरएक्सच्या ग्राहकांना विचारावा. किती दिवस, किती रक्कम, याचा तोल ज्याचा त्याने ठरवायचा.

इथे दिशेचा फरक लक्षात ठेवायला हवा. एक्स्चेंजमधून बाहेर काढताना मेमपूलमधला दर तुम्ही भरत नाही. एक्स्चेंज स्वतःचे ठरावीक शुल्क कापते. ते बहुधा जाळ्यावरच्या प्रत्यक्ष खर्चापेक्षा जास्त असते, शिवाय गर्दी वाढली की एक्स्चेंज ते वाढवते आणि गर्दी ओसरल्यावर कमी करायला वेळ लावते. त्यामुळे काढताना स्क्रिप्टने एक्स्चेंजच्याच एपीआयमधून त्या क्षणाचे शुल्क आणि किमान रक्कम वाचायला हवी. मेमपूलचा दर तिथे फक्त एवढेच सांगतो की कॉइन पोहोचायला वेळ लागेल का. उलट दिशेने, वॉलेटमधून एक्स्चेंजकडे पाठवताना, फीचा आकडा पूर्णपणे आपल्या हातात असतो, आणि गोंधळही बहुतेक तिथेच होतो. भारतीय वाचकासाठी आणखी एक मुद्दा : 2022 च्या अर्थसंकल्पापासून क्रिप्टोवरच्या नफ्याला 30 टक्के कर आहे आणि हिशेबात खरेदीच्या किंमतीखेरीज दुसरा कोणताही खर्च वजा होत नाही. विकण्यासाठी एक्स्चेंजला कॉइन पाठवताना गेलेली फी त्यामुळे सरळ खिशातून जाते.

फी पाहायची कुठे? सर्वात सोपी जागा mempool.space. तिथे ब्राउझरमध्ये पुढचे ब्लॉक रंगीत चौकोनांत दिसतात, आणि स्क्रिप्टसाठी एक पत्ता आहे जो थेट आकडे देतो. उत्तर नमुन्यादाखल असे येते :

```
$ curl -s https://mempool.space/api/v1/fees/recommended
{"fastestFee":14,"halfHourFee":11,"hourFee":9,
 "economyFee":4,"minimumFee":2}
```

पहिला आकडा पुढच्याच ब्लॉकची आशा असणाऱ्यांसाठी, तिसरा तासाभरात चालेल म्हणणाऱ्यांसाठी, चौथा घाई नसणाऱ्यांसाठी. शेवटच्या आकड्याखालचे व्यवहार गर्दीच्या वेळी नोड स्वीकारतच नाहीत, कारण प्रत्येक नोडच्या प्रतीक्षायादीला मर्यादा असते, सहसा 300 मेगाबाइट. ती भरली की तळातले, सर्वात कमी दराचे व्यवहार टाकून दिले जातात.

ज्यांचा स्वतःचा नोड आहे ते `bitcoin-cli estimatesmartfee 6` विचारू शकतात. पण या दोन आकड्यांचा स्वभाव वेगळा आहे. नोडचा अंदाज गेल्या काही ब्लॉकांमध्ये कोणते दर चालले यावर बेतलेला असतो, म्हणून गर्दी ओसरल्यावरही तो काही काळ चढाच राहतो. मेमपूलवरून काढलेला आकडा या क्षणाची रांग पाहतो, पण पुढच्या दहा मिनिटांत कोण घुसेल हे त्याला माहीत नसते. दोन्ही पाहावेत, फार फरक असेल तर थांबावे. एकके मात्र डोळ्यांत तेल घालून तपासावीत. नोड आपला आकडा हजार बाइटला किती बिटकॉइन असा देतो. 0.0001 आले तर ते बाइटला 10 सातोशी. म्हणजे एक लाखाने गुणायचे. एक शून्य इकडचे तिकडे झाले की फी दहापट होते, आणि प्रोग्रॅमला त्यात काही गैर वाटत नाही.

इथेरियमवर असेच झाले होते. 27 सप्टेंबर 2021 रोजी डेव्हर्सिफाय या एक्स्चेंजकडे एक लाख डॉलर पाठवताना 7,676 इथर फी गेली, दोन कोटी डॉलरहून अधिक. पूर्णांक अपेक्षित असलेल्या जागी दशांशाचा आकडा पोहोचल्याचे नंतर निष्पन्न झाले. तिथेही मायनरने बहुतांश रक्कम परत केली. परत मिळाल्याच्या या गोष्टी गाजतात म्हणून धीर येतो, पण स्क्रिप्ट लिहिताना ती शक्यता हिशेबात धरणे वेडेपणाचे.

आता शिक्षिकाबाईंच्या स्क्रिप्टची मुख्य तपासणी. पायथनमध्ये ती एवढीच आहे :

```python
import requests
r = requests.get(
    "https://mempool.space/api/v1/fees/recommended",
    timeout=10)
r.raise_for_status()
rate = r.json()["hourFee"]
vsize = 11 + 68*inputs + 31*outputs
fee = rate * vsize
ok = 0 < rate <= 15 and fee <= amount * 0.01
```

इथे दोन मर्यादा आहेत. दर 15 च्या वर नको आणि फी रकमेच्या एक टक्क्याच्या वर नको. बारा नाण्यांच्या व्यवहारात पहिली मर्यादा कधी लागूच होत नाही, कारण सहा लाखांचा एक टक्का म्हणजे 6,000 सातोशी. दर 6 असताना फी 5,148 होते, चालते. दर 7 झाला की फी 6,006. सहा सातोशींनी नकार! असा काटेकोरपणा पाहून मर्यादा थोडी सैल करावीशी वाटते आणि करायलाही हरकत नाही, पण ती शांत डोक्याने, एरवी, बदलावी. गर्दीच्या दिवशी घाईत बदललेली मर्यादा ही मर्यादाच नसते. मोठ्या रकमेत उलटे होते. एका बिटकॉइनचे एकच नाणे पाठवायला 110 बाइट लागतात. दर 300 असला तरी फी 33,000 सातोशी, म्हणजे रकमेच्या मानाने नगण्य. तिथे टक्केवारीची मर्यादा हूं की चूं करणार नाही, दराची मर्यादाच थांबवेल. म्हणून दोन्ही हव्यात.

या तपासणीत न दिसणारा भाग अधिक महत्त्वाचा आहे. दर मिळालाच नाही, सर्व्हर बंद असला, उत्तर अर्धवट आले, तर `raise_for_status` आणि `timeout` मुळे स्क्रिप्ट तिथेच पडते, आणि पडणेच योग्य. अनेक जण इथे ‘दर मिळाला नाही तर 50 धरा’ असे काहीतरी लिहून ठेवतात. ती ओळ वर्षभर झोपलेली असते आणि नेमक्या गर्दीच्या दिवशी, सर्व्हर कोलमडल्यावर, जागी होते. दर न कळणे म्हणजे आज न पाठवणे, एवढाच त्याचा अर्थ ठेवावा.

शिवाय ही तपासणी अंदाजावर आहे. खरा व्यवहार तयार होऊन त्यावर सही झाली की तो जाळ्यावर सोडण्याआधी आणखी एकदा, वेगळ्या वाटेने, मोजणी हवी : आत गेलेली नाणी किती, बाहेर पडलेल्या रकमा किती, फरक किती. नोड असेल तर `testmempoolaccept` ही आज्ञा व्यवहार न पाठवताच त्याची फी आणि लांबी सांगते. Bitcoin Core ची `sendrawtransaction` आज्ञा आपणहून 0.10 BTC/kvB पेक्षा जास्त दर नाकारते, पण ती मर्यादा म्हणजे बाइटला दहा हजार सातोशी. आपल्या कामासाठी ती फारच वर आहे. ती स्वतः खाली आणावी. परतीची रक्कम विसरणे, एककांची गफलत, सगळे या शेवटच्या वजाबाकीत उघडे पडते. पॅक्सॉसच्या व्यवहारात फी रकमेच्या सुमारे 280 पट होती. टक्केवारीची कोणतीही मर्यादा, अगदी शंभर टक्क्यांची सुद्धा, तिथे पुरली असती.

वेळ साधून पाठवावे का? साधारणपणे शनिवार-रविवारी जाळे मोकळे असते, आणि अमेरिकेत रात्र असताना, म्हणजे आपल्याकडे सकाळी-दुपारी, गर्दी कमी असते. त्यामुळे पुष्कळ जण स्क्रिप्ट शनिवारी पहाटेची लावतात. शनिवार, 20 एप्रिल 2024. भारतीय वेळेनुसार पहाटे 5 वाजून 39 मिनिटांनी 8,40,000 वा ब्लॉक निघाला. मायनरचे बक्षीस निम्मे होण्याचा तो ब्लॉक, आणि रून्स नावाची टोकन काढायची नवी पद्धत नेमकी त्याच ब्लॉकपासून सुरू झाली. पहिल्या काही ब्लॉकांत जागा मिळवण्यासाठी झुंबड उडाली. त्या एका ब्लॉकमध्ये 37 बिटकॉइनहून अधिक फी जमा झाली, जेव्हा बक्षीस होते 3.125. त्या दिवसाची सरासरी फी व्यवहारामागे सव्वाशे डॉलरच्या घरात गेली. काही दिवसांत दर खाली आलेही. पण ‘शनिवार पहाट म्हणजे स्वस्त’ एवढ्याच भरवशावर सुटलेल्या स्क्रिप्टने त्या सकाळी जे भरले ते भरले. वेळापत्रक हे फक्त विचारायला कधी जायचे ते ठरवते. पाठवायचे की नाही ते त्या क्षणाच्या आकड्यानेच ठरवावे.

थांबण्यालाही शेवट हवा. शिक्षिकाबाईंची स्क्रिप्ट पाच तारखेला ‘नको’ म्हणाली, तर दर सहा तासांनी पुन्हा विचारेल, आणि दहा तारखेपर्यंत जमले नाही तर फोनवर संदेश पाठवून निर्णय त्यांच्यावर सोडेल. आपणहून मर्यादा वाढवणार नाही.

इतके करूनही कधी कधी व्यवहार सुटल्यावर दर चढतो आणि तो रांगेत अडकतो. इथे पहिला धोका उतावीळपणाचा. दहा मिनिटे ही केवळ सरासरी आहे. दोन ब्लॉकांत तासाभराचे अंतर साधारण तीन दिवसांतून एकदा पडतेच. चाळीस मिनिटांत शिक्कामोर्तब झाले नाही म्हणून ‘व्यवहार फसला’ असे समजणारी स्क्रिप्ट धोक्याची. ती काय करते? दुसरी नाणी उचलून तीच रक्कम पुन्हा पाठवते. काही तासांनी दर उतरतो, आधीचा व्यवहारही पक्का होतो आणि पैसे दोनदा गेलेले असतात. फी वाढवायची तर जुन्याच व्यवहाराला बदली व्यवहार द्यायचा, आणि त्यात जुन्यातले निदान एक नाणे असलेच पाहिजे. मग दोघांपैकी एकच टिकू शकतो. वॉलेटमध्ये हा पर्याय आरबीएफ नावाने असतो.

अडकलेला व्यवहार एक्स्चेंजने पाठवलेला असेल तर बदलणे आपल्या हातात नसते. मग आलेले नाणे पक्के होण्याआधीच जास्त दराने पुढे, स्वतःच्याच दुसऱ्या पत्त्यावर, पाठवायचे. मायनरला नंतरच्या व्यवहाराची फी हवी असेल तर आधीचा घ्यावाच लागतो, म्हणून तो दोन्ही एकत्र मोजतो. समजा आलेला व्यवहार 141 बाइटचा आणि दर 2 चा, म्हणजे 282 सातोशी. आपला पुढचा 110 बाइटचा. दोघांचा मिळून दर 15 हवा तर 251 बाइटचे 3,765 सातोशी हवेत. 282 आधीच भरलेले, उरलेले 3,483 आपण भरायचे. आपल्या छोट्या व्यवहाराचा दर 32 च्या जवळ जातो. घाई नसेल तर हा खर्च टाळून वाट पाहणे बरे. व्यवहार तसाच राहिला तर नोड साधारण दोन आठवड्यांनी त्याला यादीतून काढतात आणि नाणी पाठवणाऱ्याकडेच राहतात.

इथेरियमची रचना जरा सोपी आहे. तिथे मूळ दर जाळेच ठरवते आणि तो एका ब्लॉकमागे जास्तीत जास्त साडेबारा टक्के चढतो वा उतरतो. `maxFeePerGas` हा आकडा आपली कमाल मर्यादा म्हणून व्यवहारातच लिहिलेला असतो. मात्र तिथले व्यवहार क्रमांकाने जातात. एक अडकला की त्यामागचे सगळे अडकतात, म्हणून स्क्रिप्टने आधीचा पक्का झाल्याशिवाय पुढचा सोडू नये.

आणि बारा नाण्यांचे काय? दर तळाला असेल अशा एखाद्या दिवशी शिक्षिकाबाईंनी ती स्वतःच्याच वॉलेटमध्ये एका नाण्यात गोळा करून ठेवावीत. दर 2 असताना त्याला 1,716 सातोशी लागतील. पुढे कधी 300 च्या दराला घाईने पाठवावे लागले, तर 2,57,400 ऐवजी 33,000 सातोशींत काम होईल. याची एक किंमत आहे : बाराही नाणी एकाच व्यक्तीची आहेत हे त्या व्यवहारामुळे साऱ्या जगाला कायमचे दिसते. त्यांच्या बाबतीत ती सगळी एकाच एक्स्चेंजकडून आलेली आहेत, त्यामुळे एक्स्चेंजला नवे काही कळत नाही. पण नाणी वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली असतील, तर गोळा करण्याआधी कोणती कोणासोबत ठेवायची ते हाताने निवडावे आणि ते काम स्क्रिप्टवर सोडू नये.